मशीन सारखं वाजतंय म्हणजे ते जास्त परत देतंय का?

मिलिंद_चिंचवड

मंडळी, एक शंका आहे. मागच्या महिन्यात ऑफिसातले आम्ही सहा जण गोव्याला गेलो होतो. पणजीला मांडवीत उभ्या असलेल्या एका कॅसिनोच्या बोटीवर एक रात्र काढली. पत्त्यांच्या टेबलाशी बसायची हिंमत नव्हती, म्हणून मी आणि नाना (टोपणनाव आहे, तो इथे वाचतो) स्लॉट मशीनकडे वळलो. दोघांनी ठरवून दोन-दोन हजार घातले. मी जुन्या धाटणीच्या तीन चक्रांच्या मशीनवर बसलो आणि तो मोठ्या स्क्रीनच्या, वीस लाइनींच्या मशीनवर, म्हणजे एका फिरकीत चित्रांच्या वीस ओळींवर एकदम पैसे लागतात. दोघंही एका फिरकीला २० रुपये लावत होतो.

माझं मशीन मुकं. दहा-बारा फिरक्या नुसत्याच जायच्या, मग एकदम साठ रुपये, की पुन्हा स्मशानशांतता. नानाचं मात्र दर दुसऱ्या-तिसऱ्या फिरकीला टणटण. दिवे काय, नाणी पडल्याचे आवाज काय! आमचे बाकीचे चौघे त्याच्याच मागे उभे. पाऊण तासानं उठलो तेव्हा माझे ७४० उरले होते आणि नानाचे ६१०. तरी तो अजून म्हणतो, "माझं मशीन देणारं होतं, मी उठायला उशीर केला."

मला त्याचं पटतंयही आणि नाहीही. जे वारंवार देतं ते एकूणही जास्तच देत असणार ना? मग त्याचे माझ्यापेक्षा कमी का उरले?

उनाड_पाऊस

दोघांचेही गेले हे वाचून जिवाला शांतता मिळाली. बुफे कसा होता?

शंतनू_के

उलट आहे मिलिंद. जे मशीन वारंवार देतं ते एकूण कमीच देतं, कारण कुठेतरी वसुली करावीच लागते. शिवाय दाराजवळची मशीन कॅसिनोवाले मुद्दाम सैल ठेवतात, म्हणजे आवाज ऐकून माणसं आत येतात. आणि रात्री गर्दी वाढली की आवळतात. आमच्या ग्रुपमधला एक जण नेपाळला जाऊन आलाय, त्यानं स्वतः पाहिलंय.

रेनोकर

मी नेवाडात, रेनोला राहतो. स्लॉटचे खेळ बनवणाऱ्या एका कंपनीत गणिताच्या विभागात नऊ वर्षं काढली, आता दुसरं काम करतो. शंतनू, तुमचं अर्धं बरोबर आहे. वसुली होते, पण ती "वारंवार देण्याची शिक्षा" म्हणून नव्हे. किती वेळा द्यायचं आणि एकूण किती द्यायचं हे आमच्याकडे दोन वेगळे आकडे असतात, आणि एकावरून दुसरा ओळखता येत नाही. पहिल्याला हिट फ्रिक्वेन्सी म्हणतात, दुसऱ्याला आरटीपी.

मिलिंद आणि नानाची मशीन समजा मीच बनवली असती. (आकडे माझे, त्या बोटीवरचे नव्हेत.) दोन्हींवर १,००० फिरक्या मारल्या, प्रत्येकी २० रुपये, म्हणजे दोन्हींत २०,००० गेले. दोन्हींकडून सरासरीनं १८,००० परत यायला हवेत असं मला सांगितलंय. आता हे १८,००० कसे वाटायचे ते माझ्या हातात.

मिलिंदच्या मशीनवर मी हजारातल्या फक्त १०० फिरक्यांवर काहीतरी देतो. ८० वेळा साठ रुपये, १८ वेळा चारशे, दोन वेळा तीन हजार. बेरीज करून बघा, १८,००० होतात.

नानाच्या मशीनवर मी ४०० वेळा देतो. पण त्यातल्या २७० वेळा फक्त दहा रुपये. मग ९० वेळा चाळीस, ३५ वेळा एकशे चाळीस आणि पाच वेळा १,३६०. बेरीज पुन्हा १८,०००. एक चारपट जास्त वाजतं, आणि तरी दोघं फिरकीमागे सरासरी दोनच रुपये घेतात. तितक्याच कष्टात मी नानाचं मशीन ८५ टक्क्यांचं किंवा ९४ टक्क्यांचंही करून दिलं असतं. पाच वेळा येणारी मोठी रक्कम थोडी खालीवर केली की झालं, वाजणं तेवढंच राहतं. आमच्याकडे एकच खेळ तीन-चार वेगवेगळ्या टक्क्यांत तयार असायचा. कॅसिनो त्यातून निवडतो, खेळणाऱ्याला चित्रं, आवाज सगळं तेच दिसतं.

दाराजवळच्या सैल मशीनची गोष्ट इथेही प्रत्येक टॅक्सीवाला सांगतो. कोणत्या टक्क्याचं मशीन कुठे ठेवायचं ते कॅसिनो ठरवतो हे खरं. पण चालू खेळात कुणी बसल्या-बसल्या आवळत नाही. नेवाडात तर टक्केवारी बदलायची असेल तर मशीन आधी काही मिनिटं रिकामं असावं लागतं.

मिलिंद_चिंचवड

@रेनोकर, बेरीज करून पाहिली, बरोबर आहे. पण एक अडतंय. ९० टक्के परत म्हणजे माझ्या दोन हजारांचे अठराशे यायला हवे होते. ७४० का?

गिरणगाव

रेनोकरांचं वाचून मला आमचे काका आठवले. लालबागच्या चाळीत त्यांना मटक्याची सवय होती, साठ-सत्तरच्या दशकातली गोष्ट. मटक्यात हे दोन्ही आकडे उघडेवाघडे असतात बघा. एकेरी आकड्यावर एकाला नऊ, जोडीवर एकाला नव्वद. एकेरी आकडा दहात एकदा लागणार, जोडी शंभरात एकदा. म्हणजे दोन्हीकडे रुपयाचे नव्वद पैसेच परत, फक्त एकेरी दहापट जास्त वेळा लागते. काका एकेरीवालेच. म्हणायचे, "जोडी खेळणारे वेडे, महिनोन्‌महिने हात कोरडा. माझं आठवड्यातून एकदा तरी लागतंच." काकू म्हणायची, "लागतंय तर मग घरात दिसत का नाही?"

काकांकडे उत्तर नव्हतं. ते खोटं बोलत नव्हते हो, खरंच लागायचं.

उनाड_पाऊस

काकूंना रेनोला पाठवा. (दिवे घ्या.)

रेनोकर

@गिरणगाव, हे उदाहरण मला नऊ वर्षांत सुचलं नाही. काकूंचा प्रश्न आणि मिलिंदचा प्रश्न एकच आहे, त्याची दोन उत्तरं आहेत.

पहिलं असं, की ९० टक्के हे तुम्ही खिशातून काढलेल्या दोन हजारांचे नव्हेत, मशीनमधून फिरलेल्या एकूण रकमेचे आहेत. जिंकलेले साठ रुपये तुम्ही खिशात घातले नाहीत, पुढच्या तीन फिरक्यांना लावले. त्यांच्यावरही दहा टक्के कापले गेले. सगळे पैसे एकदा फिरवलेत तर अठराशे उरतात, तेच पुन्हा फिरवले तर १,६२०, आणि सातव्या फेरीला हजाराच्या खाली. पाऊण तासात तुम्ही अंदाजे २५० फिरक्या मारल्या असतील. म्हणजे दोन हजार आणलेल्या माणसानं पाच हजार लावले, आणि त्याला वाटतंय आपण दोनच हजार खेळलो.

दुसरं जास्त महत्त्वाचं. पाच हजारांवर दहा टक्के म्हणजे पाचशेच जायला हवे होते, तुमचे १,२६० गेले. कारण त्या १८,००० मध्ये दोन वेळा येणारे तीन हजारही मोजलेले आहेत. ते बाजूला काढा, माझ्या मशीनचा परतावा ९० वरून ६० टक्क्यांवर येतो. २५० फिरक्या मारणाऱ्या शंभर जणांपैकी साठेक जणांना ते तीन हजार एकदाही दिसत नाहीत. ९० टक्के हा सगळ्यांच्या पैशांची सरासरी काढल्यावरचा आकडा आहे. त्या संध्याकाळी बसलेल्या एकट्या माणसाच्या वाट्याला बहुतेक वेळा त्याहून कमीच येतं, आणि थोड्या लोकांच्या वाट्याला खूप जास्त.

नानाच्या मशीनमधून पाच वेळचे १,३६० काढले तर ५६ टक्के उरतात. टणटण मात्र जवळपास तेवढीच राहते. हे नानाला सांगू नका.

वैशाली_ठाणे

मी चार वर्षं शेअर बाजारात ऑप्शन्स करते, त्यामुळे हे चांगलंच ओळखीचं आहे. माझा स्ट्राइक रेट ८० टक्क्यांच्या वर होता. महिन्याच्या वीस ट्रेडपैकी सतरा-अठरा हिरवे. उरलेले दोन-तीन आधीचं सगळं घेऊन जायचे, वर थोडं आणखी. म्हणजे स्लॉट मशीनसारखंच ना? किती वेळा जिंकलो ते बघायचं नाही, नेट बघायचं. स्टॉपलॉस लावायला शिका, हाच उपाय.

रेनोकर

@वैशाली, पहिली चार वाक्यं अगदी बरोबर. पण स्टॉपलॉसनं मशीनची टक्केवारी बदलत नाही. शंभर रुपये गेल्यावर उठलात तर शंभरच जातील एवढंच, उद्या पुन्हा बसलात की तिथूनच पुढे सुरू. आणि तुमच्याकडे मोठा फटका कधीतरी बसतो, इथे उलट, मोठी रक्कम कधीतरी येते. फटका रोजचा, दोन-दोन रुपयांचा. म्हणून तो कळतच नाही.

मुक्ता_ओंटारियो

मिलिंदचा मूळ प्रश्न गणिताचा आहे, पण नाना अजून "देणारं मशीन" का म्हणतो याचं उत्तर त्या २७० वेळच्या दहा रुपयांत आहे असं मला वाटतं. नानानं वीस लावले आणि दहा आले. हा दहा रुपयांचा तोटा आहे. पण मशीन काय करतं? लाइन उजळते, चित्रं नाचतात, सुरावट वाजते, आकडा वर चढतो. तोटा आणि बॅंडबाजा एकत्र.

मी कॅनडात वॉटर्लू विद्यापीठात मानसशास्त्र शिकले, तिथे केव्हिन हॅरिगन आणि माइक डिक्सन यांनी यावरच काम केलंय. त्यांनी माहितीच्या अधिकारासारख्या कायद्याखाली ओंटारियोतल्या मशीनचे आतले तक्ते मिळवले, आणि खेळणाऱ्यांच्या हाताला इलेक्ट्रोड लावून घाम मोजला. २०१० चा तो निबंध आहे. खऱ्या जिंकण्याला शरीर जसं उसळतं, तसंच ते या वाजतगाजत आलेल्या तोट्यालाही उसळत होतं. साध्या, मुक्या तोट्याला नाही. नंतर त्यांनी हे पण पाहिलं, की खेळ संपल्यावर "किती वेळा जिंकलात" विचारलं तर लोक आकडा फुगवून सांगतात. आणि त्याच फिरक्यांना आनंदाच्या आवाजाऐवजी नकाराचा आवाज लावला तर त्यांना तो तोटा म्हणून बरोबर ओळखता येतो.

म्हणजे नाना मूर्ख नाही. त्यानं ४० टक्के वेळा ऐकलं ते आणि १३ टक्के वेळा खरंच मिळालं ते, डोक्यात एकाच खात्यात जमा झालं.

रेनोकर

+१. एक तांत्रिक भर. तीन चक्रांच्या, एका लाइनीच्या मशीनवर हे सहसा करत नाहीत. तिथे लावलेल्यापेक्षा कमी परत देणं विचित्र दिसतं. वीस लाइनी आल्या आणि ही सोय झाली. वीसपैकी एका लाइनीवर एक रुपयाचे दहा आले की ती लाइन जिंकली, उरलेल्या एकोणीस मुकाट हरल्या. मशीन खोटं बोलत नाही, फक्त जिंकलेल्या लाइनीबद्दलच बोलतं.

नेवाडाच्या गेमिंग कंट्रोल बोर्डाच्या मासिक आकडेवारीत एक सेंटच्या मशीनवर कॅसिनोकडे राहणारा हिस्सा डॉलरच्या मशीनपेक्षा जास्त दिसतो. आणि सगळ्यात जास्त लाइनी, सगळ्यात जास्त टणटण एक सेंटवाल्यांचीच. @शंतनू, तुमचा मुद्दा इथे जवळ येतो, पण कारण टणटण नव्हे. छोट्या रकमेच्या मशीनचीही जागा, वीज, देखभाल तेवढीच लागते, ती टक्क्यांतून काढतात.

शंतनू_के

म्हणजे मी बरोबरच होतो. 😎

रेनोकर

नाही.

पणजीकर

आमकां गोंयकारांना २०२० पासून त्या बोटींवर पाय ठेवायला बंदी, त्यामुळे शास्त्रीय चर्चेत भाग घेता येत नाही. फक्त एवढं सांगतो की गोव्यात सुरुवात या मशीननीच झाली. १९९२ मध्ये कायदा बदलून पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीनला परवानगी दिली, बोटी नंतर आल्या. माझा मेहुणा तेव्हा अशा एका हॉटेलात होता. तो सांगायचा, पाहुणे वेटरला विचारत, "कुठलं मशीन खूप दिवसांत लागलं नाही?" म्हणजे त्यांना मुकं मशीन हवं असायचं, आता लागेल म्हणून. मिलिंदच्या नानाला बोलकं हवंय. गिऱ्हाईक तेच.

उनाड_पाऊस

वाखूसा. खरंच, मुक्या मशीनला "आता लागेल" असं काही असतं का?

रेनोकर

नसतं. प्रत्येक फिरकीचा आकडा नव्यानं निघतो, मागचं त्याला आठवत नाही. हजारात दोन वेळा याचा अर्थ "पाचशे झाल्या की एक" असा नाही. सलग दोन हजार कोरड्या जाऊ शकतात, लागोपाठ दोनदाही येऊ शकतं.

सदानंद_निवृत्त

सगळे जण ते वाजणं म्हणजे फसवणूकच असं धरून चालले आहेत, म्हणून विरुद्ध बाजू मांडतो. मुलीकडे अमेरिकेला गेलो की वर्षातून एकदा पन्नास डॉलर घेऊन मी बसतो. ते गेलेच असं समजून बसतो. मला मुकं मशीन नको. त्यावर वीस मिनिटांत पैसे संपतात आणि करमणूक शून्य. वाजणाऱ्यावर दीड तास जातो. नाटकाच्या तिकिटाचे पैसे परत मिळावेत म्हणून कुणी नाटकाला जात नाही. मिळणं-न मिळणं सोडा, लहान-लहान परताव्यांनी वेळ लांबतो, हा उपयोग खरा आहे की नाही?

रेनोकर

खरा आहे, आणि आम्ही खेळ बनवताना नेमका हाच शब्द वापरायचो, मशीनवरचा वेळ. दोन्हींचा आरटीपी सारखा असला तरी लहान परतावे जास्त असले की पैसा हळूहळू उतरतो, खड्ड्यात पडत नाही. तुमच्यासारख्या माणसाला ते फायद्याचं आहे. फक्त तो वेळ आम्ही तुमच्यासाठी मोजत नव्हतो.

मुक्ता_ओंटारियो

@सदानंदकाका, तुम्ही पन्नास डॉलर गेलेच धरून बसता, म्हणून तुम्हाला चालतं. अडचण त्यांची होते ज्यांना त्या आवाजामुळे "आपण थोडे थोडे वर येतोय" असं वाटतं. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २०२१ पासून ऑनलाइन स्लॉटवर नियमच आहे. लावले तेवढेच किंवा त्याहून कमी परत आले तर जिंकल्यासारखे दिवे-आवाज दाखवायचे नाहीत. त्यानं आरटीपी काडीचाही बदलला नाही, हिट फ्रिक्वेन्सीही नाही. फक्त बॅंडबाजा काढला.

सदानंद_निवृत्त

मग ते मशीन मला कंटाळवाणं वाटेल हो. आणि ज्यांना थांबायचं नाही ते आवाजाविनाही थांबणार नाहीत. मला हे पटलेलं नाही, पण विचार करतो.

प्राची_नाशिक

इथे पैशांचाच विषय आहे, तरी सांगते. माझी आई फोनवर फुकटच्या नाण्यांचा तसलाच खेळ खेळते. पैसे नाहीत, फक्त नाणी. रोज सकाळी सांगते, "काल चार लाख जिंकले." मी एकदा आदल्या रात्रीची शिल्लक लिहून ठेवली आणि सकाळी पाहिली, सहा लाख कमी. आईला दाखवलं तर म्हणाली, "ते वेगळं, ती शिल्लक. मी जिंकल्याचं सांगतेय."

गिरणगाव

तुमच्या आई आणि आमचे काका एकाच शाळेतले.

मिलिंद_चिंचवड

सगळ्यांचे आभार, आणि आता खरी मजा. आमच्यातल्या एकानं नानाच्या मागे उभं राहून साडेचार मिनिटांचा व्हिडिओ काढला होता. मुक्तांचा प्रतिसाद वाचून काल रात्री तो थांबवत-थांबवत पाहिला, आणि वहीत प्रत्येक फिरकी लिहिली.

एकूण ४० फिरक्या, म्हणजे ८०० रुपये लावले. मशीन १६ वेळा वाजलं, रेनोकरांच्या काल्पनिक मशीनइतकंच, हा योगायोग. त्या सोळापैकी ११ वेळा वीसपेक्षा कमी आले, सगळे मिळून ९८ रुपये. उरलेल्या पाच वेळांचे ३१०. व्हिडिओ सुरू होताना काउंटरवर १,४६० होते, संपताना १,०६८. साडेचार मिनिटांत जवळजवळ चारशे रुपये गेले, आणि मागे आम्ही पाच जण शिट्ट्या मारतोय.

सगळ्यात लाज वाटण्यासारखं म्हणजे मधे एका ठिकाणी स्पष्ट आवाज येतो, "अरे देतंय रे, देतंय!" तो आवाज माझा आहे. तेव्हा काउंटर १,१९२ वरून १,१८८ वर आला होता. वीस लावले, सोळा आले.

उनाड_पाऊस

हे नानाला दाखवलं का?

मिलिंद_चिंचवड

दाखवलं. वही पण दाखवली. त्यानं शांतपणे सगळं पाहिलं आणि म्हणाला, "हे बघ, चाळीसात सोळा वेळा लागलंय. तुझं किती वेळा लागलं?"

रेनोकर

किती वेळा लागलं? नोंद असेल तर टाका, तुलना करता येईल.

मिलिंद_चिंचवड

माझ्या मशीनचा व्हिडिओ कुणी काढलाच नाही. काढण्यासारखं तिथे काही होतच नव्हतं.